पंपाचे दिवस कोण मोजणार? हॅमॉक, लॅडर आणि समरी टास्क: एका चराच्या कामातून

कोथरूडमधल्या एका गल्लीत पावसाळी पाण्याची लाइन टाकायचं काम होतं. वेळापत्रक मीच केलं होतं. चरात साठणारं पाणी उपसायला डिझेल पंप भाड्याने घेतला होता, आणि त्याच्यासमोर मी सरळ हाताने ‘24 दिवस’ टाइप केलं होतं. मध्येच खडक लागला, खोदाई लांबली. खोदाईची मुदत मी वाढवली, पण पंपाची ओळ तशीच राहिली. 24 दिवस भरले त्या सकाळी मुकादमाचा फोन आला, “साहेब, पंप न्यायला गाडी आलीय. मी काय सांगू? चरात गुडघाभर पाणी आहे.”

या लेखात त्याच कामाचं वेळापत्रक पहिल्यापासून मांडतो. समजायला सोपं जावं म्हणून आकडे नीटनेटके केलेत, क्रम मात्र साइटवरचाच आहे. ज्यांनी नेटवर्क डायग्राममध्ये ‘हे संपलं की ते सुरू’ एवढे साधे दुवे जोडलेत, पण पंप, बॅरिकेड, क्रेन, सुपरवायझर अशी लांबत जाणारी कामं कुठे बसवायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे आहे.

आधी कामं दोन ढिगांत वेगळी करा

प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारा: किती झालं? ‘240 मीटर चर झाला’ असं उत्तर आलं तर ते खरं काम. त्याला स्वतःचं मोजमाप आहे, म्हणून स्वतःची मुदतही आहे. ‘दहा दिवस झाले’ याच्यापलीकडे उत्तर येत नसेल, तर ते आधाराचं काम. पंप दहा दिवस चालला म्हणजे पंपाचं चाळीस टक्के काम झालं, या वाक्याला साइटवर काही अर्थ नाही. चर उघडा आहे तोवर पंप चालणार.

आधाराच्या कामाला मुदत द्यायची नाही. कुठल्या कामाबरोबर सुरू आणि कुठल्या कामाबरोबर बंद, एवढंच सांगायचं आणि मधले दिवस जाळ्याला मोजू द्यायचे. यालाच हॅमॉक म्हणतात. दोन झाडांमध्ये बांधलेली झोळी डोळ्यांसमोर आणा. झाडं लांब गेली की झोळी ताणली जाते, जवळ आली की सैल पडते, पण झोळी कधी झाडाला ढकलत नाही. बाणांच्या जुन्या आकृत्यांमध्ये ती खरोखरच दोन वर्तुळांमध्ये लोंबणाऱ्या वाकड्या रेषेसारखी काढत.

एक खबरदारी. पंप आणून बसवणं आणि शेवटी काढून नेणं ही आधाराची कामं नाहीत. बसवायला अर्धा दिवस जातो आणि त्याच्याशिवाय ओल्या भागातली खोदाई पुढे सरकत नाही. ती वेगळी, छोटी, खरी कामं म्हणून जाळ्यात घाला. झोळीत फक्त पंपाचं चालत राहणं.

मग खरी कामं मांडा

लाइन 480 मीटर लांब. ह्यूम पाइप अडीच मीटरचे, म्हणजे 192 नग. क्रम असा:

- चाचणी खड्डे: खाली विजेची केबल, पाण्याची लाइन कुठे आहे ते पाहणं, 6 दिवस
- चर खोदणे: रोज 24 मीटर, 20 दिवस
- पाइप टाकणे: रोज 12 पाइप म्हणजे 30 मीटर, 16 दिवस
- भराव: रोज 40 मीटर, 12 दिवस
- रस्ता पूर्ववत करणे: 8 दिवस
- मोजमाप आणि कागदपत्रं: 6 दिवस

ही सगळी एकामागून एक जोडली तर 68 दिवस होतात. पण 480 मीटरचा चर पूर्ण खोदून झाल्यावर पहिला पाइप टाकायचा, असं कुणी करत नाही. गल्लीतली माणसं वीस दिवस दाराबाहेर पडणार कशी? पोकलेन पुढे, पाइपवाली गँग मागे, भराव त्याच्याही मागे, अशी वरात चालते. ही वरात जाळ्यात दाखवायची तर लॅडर लागते.

लॅडर: दोन्ही टोकं बांधा

पूर्वी हे करायला प्रत्येक कामाचे तुकडे पाडत आणि त्यांच्यामध्ये आडवे बाण टाकत. आकृती शिडीसारखी दिसायची, म्हणून लॅडर. आता तुकडे न पाडता दोन कामांमध्ये दोन दुवे टाकतो. एक सुरुवातीचा: खोदाई सुरू झाल्यावर 4 दिवसांनी पाइप टाकायला सुरुवात करता येते, कारण तोवर 96 मीटर चर तयार असतो आणि पोकलेनच्या बकेटखाली माणसं येत नाहीत. दुसरा शेवटचा: खोदाई संपल्यावर निदान 2 दिवसांनीच पाइप संपतात, कारण शेवटच्या टप्प्यातलं बेडिंग आणि पाइप बाकी असतात. पाइप आणि भराव यांच्यातही असंच: सुरुवातीला 3 दिवस, शेवटी 2 दिवस.

दुव्यांवरचे हे दिवस, म्हणजे लॅग, कुठून आणायचे? पुस्तकातून नाही, साइटवरून. पोकलेन आणि गँग यांच्यात किती मीटर अंतर हवं ते मुकादमाला विचारा आणि रोजच्या मीटरने भागा.

हिशेब करताना ‘6’ म्हणजे सहा कामाचे दिवस संपल्यानंतर, असं धरू. चाचणी खड्डे 0 ते 6, खोदाई 6 ते 26. आता पाइप:

```
पाइप संपणे = max(पाइप सुरू + 16, चर संपणे + 2)
           = max(10 + 16, 26 + 2) = 28
```

सुरुवातीच्या दुव्याने पाइप दिवस 10 ला सुरू होऊ शकतात आणि 26 ला संपू शकतात. पण शेवटचा दुवा म्हणतो, 28 च्या आधी नाही. शेवटचा दुवा जिंकला. इथे नवख्यांनी थांबून एक गोष्ट मनात पक्की करावी. मागून येणारी गँग पुढच्यापेक्षा वेगवान असेल, तर शेवटचा दुवा हुकूम चालवतो, आणि मंद असेल तर सुरुवातीचा. पाइपवाले 16 ऐवजी 26 दिवस घेणार असते तर 10 अधिक 26 म्हणजे 36 आले असते आणि शेवटचा दुवा नुसता बघत राहिला असता.

पाइप 28 ला संपणार आणि काम 16 दिवसांचं, तर सुरुवात कधी? काम सलग चालतं असं धरलं तर 12 ला. वेळापत्रकाची सॉफ्टवेअर सहसा हेच करतात: शेवट पुढे ढकलला गेला की सुरुवातही पुढे सरकवतात. कागदावर शिडी मांडणारे जुने लोक मात्र सुरुवात 10 लाच ठेवून काम 18 दिवसांवर ताणत, म्हणजे मध्ये गँग दोन दिवस रिकामी. दोन्ही बरोबर असू शकतं. गँग आणि क्रेन दोन दिवस उशिरा बोलावता येत असेल तर सलग धरा. तुमच्या फाइलमध्ये यातलं कुठलं धरलंय ते माहीत असू द्या, कारण झोळी त्याच तारखांना बांधली जाणार आहे.

भरावाचंही याच रीतीने: शेवट 28 अधिक 2 म्हणजे 30, सलग 12 दिवस म्हणून सुरुवात 18. मग सगळं असं दिसतं:

```
काम              मुदत   सुरू   शेवट
चाचणी खड्डे        6      0      6
चर खोदणे         20      6     26
पाइप टाकणे       16     12     28
भराव             12     18     30
रस्ता पूर्ववत        8     30     38
कागदपत्रं           6     38     44
```

68 चे 44 झाले.

एकच टोक बांधलं तर काय होतं

ही चूक मी इतक्या फाइलींमध्ये पाहिलीय की तिच्यावर जरा थांबतो. बरेच जण फक्त सुरुवातीचा दुवा टाकतात. तसं केलं तर पाइप 10 ते 26 आणि भराव 13 ते 25. खोदाईही 26 लाच संपते, त्यामुळे पट्ट्यांचा तक्ता अगदी शहाण्यासारखा दिसतो. फक्त भराव पाइपच्या एक दिवस आधी संपतोय, आणि एक दिवसाचा फरक तक्त्यावर कुणाच्या नजरेत भरत नाही.

आता खोदाईची मुदत 20 ची 30 करा. खोदाई 36 ला संपेल. पाइप? तरीही 26 ला. भराव? तरीही 25 ला. रस्ता 33 ला पूर्ववत, सगळं काम 39 ला संपलं. म्हणजे कागदावर आपण चर खोदायच्या आधीच त्यात पाइप टाकून, बुजवून, वर डांबर टाकून मोकळे झालो. खोदाईचं शेवटचं टोक हवेत लोंबतंय, ते कुणालाच काही सांगत नाही.

म्हणून लॅडर जोडून झाली की ही चाचणी कराच. प्रत्येक कामाची मुदत एकदा दहा दिवसांनी वाढवा, वेळापत्रक पुन्हा मोजा आणि शेवटची तारीख बघा. शेवटची तारीख जागची हलली नाही, तर त्या कामाला खरोखर दहा दिवसांची मोकळीक आहे का ते स्वतःला विचारा. खोदाईला नसतेच. मग एखादा दुवा राहिलाय. चाचणी झाली की मुदत परत पूर्ववत करायला विसरू नका.

प्रिमाव्हेरा वापरत असाल तर एकाच जोडीत दोन दुवे टाकता येतात, अडचण नाही. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये दोन कामांमध्ये एकच दुवा चालतो, दुसरा तो घेतच नाही. तिथे शून्य दिवसांचा एक टप्पा मध्ये घाला. ‘चर पूर्ण’ नावाचा टप्पा खोदाईच्या शेवटाला जोडा, आणि त्या टप्प्यापासून पाइपला शेवटचा, म्हणजे `FF`, दुवा 2 दिवसांच्या लॅगने द्या. खोदाई ते पाइप सरळ दुवा सुरुवातीचा, म्हणजे `SS`, आणि 4 दिवस. काम तेच होतं.

आता झोळ्या बांधा

प्रत्येक आधाराच्या कामाचे दोन खुंट शोधायचे. घाई न करता शोधा, कारण खुंट चुकला की पुढचं सगळं चुकतं.

पंप: चर उघडला की सुरू, भराव संपला की बंद. म्हणजे खोदाईची सुरुवात ते भरावाचा शेवट, 6 ते 30, 24 दिवस.

बॅरिकेड आणि झेंडेवाले: खोदाईच्या सुरुवातीपासून रस्ता पूर्ववत होईपर्यंत, 6 ते 38, 32 दिवस. भराव झाला तरी खडीवर दुचाकी घसरतेच, म्हणून इथे भरावाला बांधायचं नाही.

हायड्रा क्रेन: फक्त पाइप उतरवायला, म्हणजे पाइपची सुरुवात ते पाइपचाच शेवट, 12 ते 28, 16 दिवस. एकाच कामाच्या दोन टोकांना झोळी बांधायची तर ती कशाला, पाइपच्या कामालाच क्रेन जोडून टाकू, असं वाटेल. पुढे खडक लागेल तेव्हा फरक दिसेल.

प्रिमाव्हेरात कामाचा प्रकार `Level of Effort` निवडा. खोदाईकडून पंपाकडे `SS`, पंपाकडून भरावाकडे `FF`, दोन्ही लॅग शून्य. मग `F9` दाबून मोजा. या प्रकाराला तारखेचं बंधन लावता येत नाही आणि सर्वांत लांब मार्गात तो धरला जात नाही, दोन्ही गोष्टी आपल्याला हव्या तशाच आहेत. फक्त क्रिटिकल कामं शून्य फ्लोटवरून निवडत असाल, तर झोळ्याही लाल दिसू शकतात. पंप लाल दिसला म्हणून पंप क्रिटिकल झाला असं नाही. क्रिटिकल कामं `Longest Path` ने निवडा.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये असा तयार प्रकार नाही. तिथे खोदाईच्या `Start` रकान्यातली तारीख कॉपी करून पंपाच्या `Start` मध्ये `Paste Special` वापरून `Paste Link` करतात, आणि भरावाची `Finish` तारीख पंपाच्या `Finish` मध्ये तशीच. पंपाला दुसरा कुठलाही दुवा द्यायचा नाही. चालतं, पण हे दोरे नाजूक असतात. फाइल दुसऱ्या नावाने जतन केली किंवा दुसरीकडे हलवली की तुटू शकतात आणि तुटल्यावर आवाज करत नाहीत. दर आठवड्याला मोजणी झाल्यावर पंपाची शेवटची तारीख आणि भरावाची शेवटची तारीख शेजारी ठेवून बघा.

आणि कॅलेंडर. गँग रविवारी सुट्टीवर असते, पण भाड्याचा पंप रविवारीही चरातच असतो आणि मालक त्या दिवसाचंही भाडं लावतो. झोळीला सात दिवसांचं कॅलेंडर द्या. खोदाई सोमवारी सुरू झाली, तर कामाचे 24 दिवस म्हणजे चौथ्या आठवड्याचा शनिवार, आणि भाड्याचे दिवस 27. हे तीन रविवार अंदाजपत्रकात धरलेले नसले की महिनाअखेरीला हिशेब जुळत नाही आणि चूक कुठे ते सापडत नाही.

समरी टास्क झोळीची जागा का घेत नाही

समरी टास्क म्हणजे तिच्याखाली ठेवलेल्या कामांची बेरीजपट्टी: सर्वांत आधी सुरू होणाऱ्यापासून सर्वांत शेवटी संपणाऱ्यापर्यंत. आपल्या अख्ख्या कामाची समरी 0 ते 44. ‘चर, पाइप, भराव’ असा छोटा गट केला तर त्याची समरी 6 ते 30, म्हणजे नेमकी पंपाइतकी. मग पंपाचं भाडं या समरीवरच का टाकू नये? हा प्रश्न मला दर नव्या माणसाकडून येतो, आणि तो चांगला प्रश्न आहे.

उत्तर असं. समरीला खुंट नसतात, फक्त पोटात काय आहे तेवढं तिला कळतं. पुढच्या महिन्यात कुणीतरी त्या गटाखाली ‘चेंबरची झाकणं बसवणे’ अशी ओळ घालतं, कारण ती तिथेच शोभते. झाकणं रस्त्याच्या कामाबरोबर 38 ला बसतात. समरी निमूट 38 पर्यंत लांबते आणि पंपाचं भाडं आठ कामाचे दिवस जास्त लागतं, तेही बुजवलेल्या चरावर. झोळी मात्र भरावालाच बांधलेली राहते.

समरी वाचायला ठेवा. ज्यांना सगळ्या ओळी नको असतात, त्यांच्यासमोर गट मिटवून समरी दाखवा. तिच्यावर दुवे टाकू नका. समरीला दुवा दिला की तो पोटातल्या कामांवर उतरतो आणि एखादं काम का सरकलं ते शोधताना त्या कामाच्या ओळीवर काहीच दिसत नाही. भाडंही तिच्यावर टाकू नका. प्रिमाव्हेरात `WBS Summary` हा प्रकार `Level of Effort` च्या शेजारीच असतो, निवडताना बोट घसरतं. त्याच WBS गटातलं सगळं तो कवेत घेतो, दुवे तो पाहत नाही.

खडक लागल्यावर

पुण्यात वर मुरूम आणि खाली काळा पाषाण. किती खाली, ते गल्लीगल्लीत बदलतं. चाचणी खड्डे केबल आणि लाइन शोधायला खणले जातात, खडकाची पूर्ण कल्पना त्यातून येतेच असं नाही.

दिवस 16. खोदाईचे दहा दिवस झालेत, 240 मीटर चर तयार आहे. पाइप 12 ला सुरू झाले, चार दिवसांत 120 मीटर टाकून झालेत. आणि पोकलेन खडकावर आला. बकेट काढून ब्रेकर लावला, रोजची खोदाई 24 वरून 12 मीटरवर आली. उरलेल्या 240 मीटरना 20 दिवस. खोदाई एकूण 30 दिवसांची झाली, 36 ला संपणार.

दोन्ही टोकं बांधलेली असतील तर जाळं स्वतः पुढचं सांगतं. पाइपचा शेवट 38, भराव 40, रस्ता 48, कागदपत्रं 54. पंपाची झोळी 6 ते 40, कामाचे 34 दिवस, रविवार धरून 39. रोजचं भाडं समजा 1,500 रुपये असेल, तर 40,500 चे 58,500 झाले. हा आकडा सोळाव्या दिवशीच हातात येतो, पंप न्यायला गाडी दारात आल्यावर नाही. पंपवाल्याला त्याच दिवशी फोन करून मुदत वाढवता येते.

शेवटचे दुवे राहिले असते तर पंपाची झोळी 6 ते 25 अशीच राहिली असती, 19 दिवस. झोळी बरोबर बांधली होती, पण ज्या खुंटाला बांधली तोच सैल होता. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी लॅडरची चाचणी, मग झोळ्या.

आता हायड्रा बघा. पाइप 12 ला खरोखर सुरू झालेत, ती तारीख आता मागे घेता येत नाही, आणि शेवट 38 ला गेला. झोळी 26 दिवसांची झाली. पाइप टाकायचं काम 16 दिवसांचंच आहे, एकही पाइप वाढलेला नाही. भाडं मात्र 26 दिवसांचं. क्रेन पाइपच्या कामाला नुसती जोडली असती तर ती 16 दिवसच दाखवत राहिली असती.

दहा दिवसांचा हा फरक डोळ्यांसमोर आला की ठरवता येतं. उरलेले तयार 120 मीटर चार दिवसांत टाकून घेतले, तर 20 ला पाइपवाले 240 मीटरला पोहोचतात. तोवर खोदाई 288 मीटरला, म्हणजे मध्ये 48 मीटर अंतर. तिथे हायड्रा परत पाठवायची. उरलेल्या 240 मीटरना 8 दिवस लागतात आणि शेवट 38 ला हवाय, म्हणून 30 ला पुन्हा बोलवायची. जाळ्यात यासाठी पाइपच्या कामाचे दोन तुकडे करा, पहिला अर्धा आणि दुसरा अर्धा, आणि हायड्राच्याही दोन झोळ्या: 12 ते 20 आणि 30 ते 38. दोन्ही मिळून 16 दिवस.

पण हे करण्याआधी चराकडे बघा. 20 ते 30 या दहा दिवसांत खोदाई 120 मीटर पुढे जाते आणि मागे पाइप टाकला जात नाही. 30 ला 408 मीटर खोदलेलं आणि 240 टाकलेलं, म्हणजे 168 मीटर चर उघडा. त्या गल्लीत शाळेच्या रिक्षा येत असतील, किंवा मे संपत आला असेल आणि वळवाची सर केव्हाही पडेल असं आभाळ असेल, तर मी हायड्रा ठेवून घेईन आणि गँगला पोकलेनच्या चालीने रोज थोडे थोडे पाइप टाकायला सांगेन. भाडं जास्त जाईल, पण उघडा चर पन्नास-साठ मीटरच्या आत राहील. हा निर्णय जाळं घेत नाही. ते फक्त एका बाजूला दहा दिवसांचं भाडं आणि दुसऱ्या बाजूला 168 मीटर उघडा चर ठेवतं.

आठवड्याच्या बैठकीत

प्रगतीचे टक्के काढताना झोळ्या वगळा. मी एकदा त्या धरल्या होत्या. खडकावर खोदाई निम्म्या वेगाने रेंगाळत होती, पण पंप, बॅरिकेड आणि सुपरवायझर यांचे दिवस नेहमीच्या वेगाने भरत होते, त्यामुळे एकूण टक्केवारी दर सोमवारी छान वाढलेली दिसायची. कार्यकारी अभियंत्यांनी साइटवर येऊन चर पाहिला तेव्हा त्यांनी विचारलं, “हे पंचेचाळीस टक्के कुठे आहेत?” त्यांना दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. तेव्हापासून टक्के मीटरवर काढतो: किती खोदले, किती टाकले, किती बुजवले.

झोळ्यांसाठी बैठकीत वेगळा एकच रकाना ठेवतो, मूळ दिवस आणि आजचे दिवस. पंप 24 चे 34, बॅरिकेड 32 चे 42, हायड्रा 16 चे 26. त्या रकान्याखाली भाडेकरार कधी संपतो ती तारीख लिहितो, आणि ती झोळीच्या शेवटाच्या आधी येत असेल तर त्याच बैठकीतून फोन करतो.